तीन कुरिअर, तीन क्रमवाऱ्या: ‘आदर्शाच्या जवळ’ मोजताना भरवसा कुठे हरवतो?

फराळघर

नमस्कार. गिरगावात, ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीतल्या घरातून मी फराळाचे पदार्थ आणि मसाले करून पाठवते. दिवाळीच्या आधी एका कुरिअरशी वर्षभराचा करार करायचा आहे. त्यासाठी गेले तीन महिने मी तीन वेगवेगळ्या कुरिअरांनी प्रत्येकी ५० पार्सले पाठवली आणि प्रत्येकाची नोंद वहीत ठेवली. नावे मुद्दाम लिहीत नाही, क, ख आणि ग म्हणू या.

क चा खर्च पार्सलमागे सरासरी ४५ रुपये, वेळ ५ दिवस आणि ५० पैकी ४४ पार्सले धड पोहोचली. ख ला ७० रुपये आणि ४ दिवस लागले, ४८ पार्सले धड पोहोचली. ग ला ९५ रुपये आणि ३ दिवस लागले, ४९ धड पोहोचली. ‘धड’ म्हणजे डबा न फुटता, पार्सल परत न येता, ज्याचे त्याच्या हातात पडणे.

माझा भाचा व्यवस्थापन शिकतो. त्याने टॉप्सिस नावाची पद्धत सुचवली. प्रत्येक रकान्यातल्या आकड्यांचे वर्ग करून बेरीज करायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि रकान्यातला प्रत्येक आकडा त्याने भागायचा, म्हणजे रुपये, दिवस आणि टक्के एका मापात येतात. मग आपल्या दृष्टीने ज्याचे जितके महत्त्व, तितक्या वेटेजने गुणायचे. मी खर्चाला ३०, वेगाला २० आणि भरवशाला ५० टक्के दिले. त्यानंतर प्रत्येक रकान्यातले सर्वांत चांगले तेवढे उचलून एक आदर्श कुरिअर कल्पायचा, तसाच सर्वांत वाईट तेवढे उचलून एक टाकाऊ कुरिअर कल्पायचा, आणि आपला प्रत्येक कुरिअर या दोघांपासून किती अंतरावर आहे ते काढायचे. टाकाऊपासूनचे अंतर भागिले दोन्ही अंतरांची बेरीज, हे गुण. १ च्या जितके जवळ तितके चांगले.

माझे उत्तर असे आले: क ०.६५, ख ०.५२, ग ०.३५. मी भरवशाला निम्मे वेटेज दिले, आणि तरीही ५० पैकी ६ पार्सलांची वाट लावणारा क पहिला आला, तर एकच पार्सल चुकवणारा ग शेवटचा. गणित दोनदा तपासले, बेरीज-भागाकार बरोबर आहेत. माझे मन हे उत्तर मानत नाही. चूक कुठे होते आहे, हे कोणी सांगेल का?

लोअरपरळ_गोदाम

ताई, पद्धतीकडे वळण्याआधी खर्चाचा आकडा तपासा. ४५, ७० आणि ९५ हे दरपत्रकावरचे आहेत की बिलावरचे? फराळासारख्या फुगीर मालात या दोहोंत फार फरक पडतो. बहुतेक कुरिअर काट्यावरचे वजन आणि खोक्याच्या मापावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचे, म्हणजे किलो मिळतात. काही जण ५००० ऐवजी लहान आकडा वापरतात, मग तेच खोके आणखी जड होते. आमच्याकडे नवीन विक्रेते दरपत्रक पाहून कुरिअर निवडतात आणि महिनाअखेरीस बिल पाहून भांडायला येतात.

फराळघर

@लोअरपरळ_गोदाम, हा धडा मी पहिल्याच वर्षी घेतला. पोह्यांच्या चिवड्याचा डबा ज्या खोक्यात बसायचा त्याचे माप २५ बाय २० बाय १५ होते. काट्यावर सगळे मिळून ६०० ग्रॅम भरायचे, पण मापाने दीड किलो व्हायचे आणि भाडेही दीड किलोचेच लागायचे. आता चिवडा चौकोनी पिशवीत दाबून भरते, चकलीला मात्र डबाच लागतो, नाहीतर तिचा चुरा होतो. वरचे आकडे तीन महिन्यांच्या बिलांची जीएसटीसह बेरीज भागिले पार्सले असेच काढलेले आहेत.

सौ_कुलकर्णी_गोरेगाव

माझी मुलगी न्यू जर्सीला असते. तिला कैरीचे लोणचे आणि मेतकूट पाठवायचे आहे. या तिघांपैकी कोणता कुरिअर परदेशी तेलकट पदार्थ घेतो, हे कृपया सांगावे.

फराळघर

कुलकर्णीकाकू, माझी सगळी पार्सले देशातलीच आहेत. परदेशासाठी कागदपत्रे आणि खाद्यपदार्थांचे नियम वेगळे असल्याने इथले आकडे तुम्हाला उपयोगी पडणार नाहीत. वेगळा धागा काढलात तर अनुभवी मंडळी नक्की सांगतील.

मुलुंडचा_मास्तर

मी ३१ वर्षे शाळेत गणित शिकवले आहे. पद्धत नीट वापरली असेल तर असे उत्तर येऊच नये, तेव्हा चूक वेटेजमध्ये असावी. तुम्ही मनातून भरवशाला ५० पेक्षा जास्त महत्त्व देत असणार. ते ८० करून पाहा, उत्तर सरळ होईल. आणि भरवसा यशाच्या टक्क्यांत लिहिला काय किंवा अपयशाच्या टक्क्यांत, त्याने फरक पडत नाही, कारण ८८ टक्के यश म्हणजेच १२ टक्के अपयश.

आकडेमोड

मास्तर, आपल्या दोन्ही मुद्द्यांना आदराने उत्तर देतो, कारण ताईंच्या प्रश्नाची गाठ नेमकी तिथेच आहे.

टॉप्सिस ही पद्धत ह्वांग आणि यून यांनी १९८१ मध्ये मांडली. वर्गमुळाने भागण्याची जी पायरी ताईंनी केली ती त्या मूळ मांडणीतलीच आहे, म्हणून ताईंनी काहीही चुकीचे केलेले नाही. एक्सेलमध्ये रकान्याचा भाजक असा निघतो:

```
=SQRT(SUMSQ(B2:B4))
```

आता या भाजकाने भरवशाचे काय होते ते पाहा. ८८, ९६ आणि ९८ हे तिन्ही आकडे शून्यापासून फार दूर आणि एकमेकांच्या अगदी जवळ आहेत. भागल्यावर ते ०.५४, ०.५९ आणि ०.६० होतात, म्हणजे सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट यांत फक्त ०.०६ चे अंतर उरते. खर्चाच्या रकान्यात मात्र ४५ आणि ९५ भागल्यावर ०.३६ आणि ०.७५ होतात, अंतर जवळपास ०.४०. म्हणजे वेटेज लावण्याआधीच खर्चाचा आवाज भरवशाच्या सहापट मोठा झालेला आहे. त्यानंतर खर्चाला ३० आणि भरवशाला ५० दिले तरी खर्चच जवळपास चौपट जोराने ओढतो. ताईंनी कागदावर निम्मे वेटेज दिले, पण प्रत्यक्ष अंतरात त्याचा मोठा भाग पोहोचलाच नाही.

त्यामुळे वेटेज वाढवूनही दुखणे जात नाही. मी भरवशाला ८०, खर्चाला १५ आणि वेगाला ५ देऊन पाहिले. ख पहिला येतो, पण क दुसरा राहतो आणि ग शेवटचाच. ज्या माणसाला भरवसा जवळजवळ सर्वस्व वाटतो त्यालाही ही तक्ती ५० पैकी ६ चुकवणारा कुरिअर ५० पैकी १ चुकवणाऱ्याच्या वर बसवून दाखवते.

दुसरा मुद्दा. यश लिहा किंवा अपयश लिहा, वास्तव एकच आहे हे खरे, पण हे गणित त्या दोहोंना एक मानत नाही. अपयश लिहिले तर आकडे १२, ४ आणि २ होतात. इथे क हा ग च्या सहापट वाईट दिसतो. ९८ आणि ८८ लिहिले की तोच फरक ताटातल्या मिठाएवढा होतो. ताई, भरवशाचा रकाना ‘शंभरात किती बिघडली’ असा लिहा, ‘कमी तितके चांगले’ अशी दिशा ठेवा आणि बाकी काही न बदलता पुन्हा काढा.

फराळघर

@आकडेमोड, तसे केले. ग ०.७७, ख ०.७६, क ०.२३. मघाशी पहिला असलेला क तळाला गेला आणि तळाचा ग वर आला. पार्सले तीच, बिले तीच, वेटेज तेच, मी फक्त एका रकान्याचे नाव बदलले. आता मात्र मला भीती वाटू लागली आहे, कारण उद्या तिसऱ्या कोणी आणखी काही बदलायला सांगितले तर आणखी तिसरेच उत्तर येईल.

मुलुंडचा_मास्तर

ताई, ते तिसरे उत्तर मीच आणले आहे. आकडेमोड यांचे म्हणणे वहीवर करून पाहिले आणि मला माझे विधान दुरुस्त करावे लागत आहे. वर्गमुळाने भागले तर यश आणि अपयश यांत फरक पडतो, हे खरे. पण भागण्याची दुसरी रीत आहे: रकान्यातला सर्वांत वाईट म्हणजे ०, सर्वांत चांगला म्हणजे १, आणि मधला त्या प्रमाणात. या रीतीने ८८, ९६, ९८ घ्या किंवा १२, ४, २ घ्या, उत्तर तंतोतंत एकच येते. मी जे म्हणत होतो ते या रीतीला लागू आहे, तुमच्या रीतीला नव्हते.

यात ख ०.६८, ग ०.६४, क ०.३६ येतात. माझ्या मते हीच रीत वापरावी, कारण ती मांडणीच्या शब्दांवर अवलंबून राहत नाही.

लोअरपरळ_गोदाम

म्हणजे तीन रीतींनी तिन्ही कुरिअर एकदा एकदा पहिले येऊन गेले. आमच्या गोदामात व्यवस्थापक अशी तक्ती भिंतीवर लावतात आणि तिच्याकडे बोट दाखवून कंत्राट देतात. भागण्याची रीत कोणती वापरली, हे त्यावर कुठेच लिहिलेले नसते. यापुढे मी ते विचारणार आहे.

आकडेमोड

मास्तरांच्या रीतीचा गुण मान्य, पण तिचाही एक दोष नोंदवून ठेवतो. ती प्रत्येक रकाना पूर्ण ० ते १ इतका ताणते, मग खरा फरक कितीही लहान असो. समजा तिघांचा भरवसा ९७, ९७.५ आणि ९८ असता, तर व्यवहारात तिघे सारखेच, पण या रीतीने ९७ वाल्याला भरवशात शून्य मिळाले असते.

आणि ताई, ख व ग यांच्यात भांडण लावण्याआधी वहीत पाहा. ४८ आणि ४९ यांत एका पार्सलाचा फरक आहे. ते एक पार्सल ख ऐवजी ग ने बिघडवले असते तर अपयशाच्या मांडणीत ख ०.८६ वर गेला असता आणि ग ०.६९ वर आला असता. एखाद्या सोसायटीच्या रखवालदाराने त्या दिवशी दार उघडले की नाही, यावर तुमची दशांशाची क्रमवारी टेकलेली आहे. क आणि ग यांच्यातला ६ विरुद्ध १ हा फरक त्या मानाने भक्कम आहे, तरी ५० हा आकडा लहानच.

रेषा_पार्ले

मी हातकागदाच्या वह्या पाठवते. गणित मला आपल्या सर्वांइतके येत नाही, पण एक गोष्ट खटकते. या पद्धतीत एका रकान्यातला तोटा दुसऱ्या रकान्यातल्या फायद्याने भरून निघतो. पाच-दहा रुपयांच्या बाबतीत ते ठीक आहे. पण दर आठ पार्सलांत एक बिघडत असेल, तर ते कोणत्याही स्वस्ताईने भरून निघत नाही, कारण ज्याच्या भाऊबीजेला डबा पोहोचला नाही तो पुढच्या वर्षी मागवत नाही. म्हणून मी आधी चाळणी लावते. शंभरात १० पेक्षा जास्त पार्सले बिघडवणारा कुरिअर मी तुलनेत घेतच नाही. तुलना उरलेल्यांची.

काळबादेवी_पेढी

आमचा व्यापार कापडाचा, पण हिशेब सगळीकडे सारखा. मला हे ० ते १ चे गुण समजत नाहीत, रुपये समजतात. समजा पार्सलातला माल ४०० रुपयांचा आहे आणि ते बिघडले तर माल वाया जातो, शिवाय परतीचे भाडे जाण्याइतकेच लागते. क चे शंभरात १२ बिघडतात, म्हणजे प्रत्येक पार्सलावर सरासरी ५३ रुपयांचे नुकसान. त्यात ४५ भाडे, एकूण ९८. ख चे नुकसान १९, भाडे ७०, एकूण ८९. ग चे नुकसान १०, भाडे ९५, एकूण १०५. ख घ्यावा, विषय संपला.

आकडेमोड

हा हिशेब मला मनापासून आवडला, आणि जे जे रुपयांत नेता येते ते आधी रुपयांत न्यावे, असेच मीही म्हणेन. फक्त दोन गोष्टी सांभाळाव्यात. नुकसान खर्चात मिसळल्यावर भरवशाचा वेगळा रकाना पुन्हा ठेवला तर एकाच दोषाची शिक्षा दोनदा होते, तेव्हा तो काढावा किंवा त्याचे वेटेज बरेच कमी करावे. आणि रेषाताई म्हणतात तसे तुटलेले गिऱ्हाईक या ४०० रुपयांत येत नाही. त्याची किंमत ताईंनीच ठरवायची आहे. ती मोठी धरली तर काळबादेवीच्याच हिशेबाने ख ऐवजी ग वर येतो.

शिवडी_सुनील

आमच्या ऑफिसमध्ये एक विमानाने नेणारी सेवा आहे. पार्सलामागे साधारण १९५ रुपये, दुसऱ्या दिवशी पोहोचते, अजून एकही बिघडलेले नाही. तिलाही यादीत घाला, म्हणजे तुलना पूर्ण होईल. घातल्याने काही बिघडणार तर नाही.

मुलुंडचा_मास्तर

मी लगेच घालून पाहिले. तिला घ म्हणू, आणि तिने ५० पैकी ५० पोहोचवली असे धरू. माझ्या ० ते १ च्या रीतीने आता ग ०.७४, ख ०.६५, घ ०.६४ आणि क ०.३६ येतात. मला जे दिसले त्याने मी थोडा अस्वस्थ आहे. काल ख हा ग च्या वर होता. घ ने ना ख ला हात लावला ना ग ला, ती स्वतः पहिलीही आली नाही, पण तिच्या नुसत्या येण्याने ख आणि ग यांनी जागा बदलल्या. परीक्षेला एक नवा मुलगा बसला म्हणून आधीच्या दोघांचे क्रमांक उलटावेत, असे मी कधी पाहिले नव्हते.

आकडेमोड

मास्तर, हा या पद्धतीचा जुना आणि प्रसिद्ध दोष आहे. इथले आदर्श आणि टाकाऊ हे दोन्ही खांब यादीतल्या कुरिअरांमधूनच उभे राहतात. १९५ रुपयांची सेवा आली की खर्चाचा सर्वांत वाईट आकडा ९५ वरून १९५ वर जातो. मग ग चे ९५ रुपये महाग वाटेनासे होतात आणि ७० व ९५ यांतला फरक चिरडून लहान होतो. सुनील यांच्या सूचनेत वावगे काही नाही, दोष खांब हलण्यात आहे.

उपाय असा की खांब यादीतून घेऊ नयेत, आपल्या धंद्यातून घ्यावेत. ताईंनी स्वतःला विचारावे, की मी पार्सलाला जास्तीत जास्त किती देऊ शकते, किती दिवसांनंतर फराळ पाठवण्यात अर्थ उरत नाही आणि शंभरात किती बिघडलेले मला चालतील. ते तीन आकडे म्हणजे टाकाऊ खांब. आदर्श खांबही तसाच, मिळू शकेल असे वाटते त्यातला सर्वांत चांगला. मग कुरिअर आले-गेले तरी माप बदलत नाही. याने रेषाताईंची चाळणीही आपोआप लागते, कारण जो टाकाऊ खांबाच्या पलीकडे जातो तो यादीतून गळतो.

फराळघर

हे मला पटले, कारण या प्रश्नांची उत्तरे मला येतात. पार्सलाला १५० रुपयांच्या वर भाडे देणे माझ्या मालाला परवडत नाही. ७ दिवसांनंतर चकली मऊ पडते. आणि शंभरात १५ च्या पुढे बिघाड झाला तर धंदा बंद करावा लागेल. आदर्श म्हणून ४० रुपये, १ दिवस आणि शून्य बिघाड धरला. घ ची सेवा १५० च्या पुढे असल्याने ती आपोआप बाहेर. उत्तर: ग ०.७३, ख ०.७०, क ०.४२.

ख आणि ग मध्ये आकडेमोड यांनी सांगितल्याप्रमाणे मी फरक मानत नाही. क सोडून द्यावा, असे ठरवत आहे.

देवगडकर

ताई, क सोडण्याआधी एक विचारतो. मी मूळचा देवगड तालुक्यातला, आता परळला राहतो. आमच्या गावी कोणाचेही पार्सल गेले तरी शेवटचा टप्पा अडतो. कुरिअरचा माणूस मोठ्या गावापर्यंतच येतो आणि पुढे फोन करून ‘येऊन घेऊन जा’ म्हणतो, फोन लागला नाही की ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा मारून पार्सल परत. माझ्या आईचा उकडीच्या तांदळाच्या पिठाचा डबा एकदा असाच मुंबईला परत आला, आणि ती त्या दिवशी दिवसभर अंगणातच बसून होती. तुमची तिन्ही कुरिअरांची पार्सले एकाच प्रकारच्या पिनकोडवर गेली होती का? की कोकणातली एकाच्याच वाट्याला आली?

फराळघर

देवगडकर, तुमचा प्रश्न वाचून रात्री वही पुन्हा उघडली आणि पत्ते वेगळे केले. जे दिसले ते लिहिते.

क ने नेलेल्या ५० पैकी १८ पार्सले कोकणातल्या लहान गावांची होती आणि त्यातली ५ बिघडली. उरलेली ३२ मुंबई, पुणे, नाशिक अशी शहरांतली, त्यात फक्त १ बिघडले. ख कडे कोकणातली ६ होती, त्यातले १ बिघडले, शहरातल्या ४४ मध्ये १. ग कडे कोकणातली अवघी ३ होती, ती पोहोचली, शहरातल्या ४७ मध्ये १ बिघडले.

असे का झाले तेही आठवले. क चा दर महाराष्ट्रभर एकच आहे, म्हणून कोकणातली ऑर्डर आली की हात आपोआप त्याच्याकडे जायचा. अवघड पत्ते मीच त्याला दिले आणि मीच त्याला नापास करत होते.

आकडेमोड

देवगडकरांनी विचारले ते मी पहिल्या दिवशी विचारायला हवे होते. आम्ही सगळे रकाना कशाने भागायचा यावर बोलत राहिलो आणि रकान्यात काय भरले आहे ते पाहिले नाही. ताई, शहरांपुरती क्रमवारी वेगळी लावा, खांब तेच ठेवा. क चे शहरातले दिवस किती?

फराळघर

शहरांत क ला सरासरी ४ दिवस लागले, कोकणात ७ च्या वर. ख आणि ग चे दिवस व भाडे जवळपास तेच राहते, कारण त्यांच्याकडे कोकणातली पार्सले फार नव्हतीच. शहरांपुरते उत्तर असे आले: क ०.७७, ख ०.७६, ग ०.७३.

रेषा_पार्ले

म्हणजे माझ्या चाळणीने क ला सरसकट बाहेर काढले असते आणि शहरांतल्या पार्सलांसाठी एक चांगला, स्वस्त कुरिअर हातचा गेला असता. चाळणी मी सोडणार नाही, पण यापुढे ती प्रत्येक भागाला वेगळी लावीन.

लोअरपरळ_गोदाम

आणखी एक प्रश्न. परत आलेल्या पार्सलांचे दिवस सरासरीत कसे धरले? आमच्याकडे बहुतेक कुरिअर फक्त पोहोचलेल्या पार्सलांची सरासरी दाखवतात, त्यामुळे जे सर्वांत जास्त रखडले आणि शेवटी परत आले तेच हिशेबातून गळते. शिवाय दिवस मोजायला सुरुवात कधीपासून केली? पिकअपची नोंद केली त्या संध्याकाळपासून की माणूस प्रत्यक्ष पार्सल घेऊन गेला तेव्हापासून?

फराळघर

सुरुवात मी पार्सल बांधून पिकअप नोंदवला त्या दिवसापासून धरली आहे, कारण चकलीला माणूस कधी आला याच्याशी देणेघेणे नसते. परत आलेल्यांचे दिवस मात्र मी धरले नव्हते. म्हणजे कोकणातला क चा आकडा आहे त्यापेक्षा वाईट असणार.

मुलुंडचा_मास्तर

परत आलेल्या पार्सलाला किती दिवस धरायचे, याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. ते परत आले तितके दिवस धरावेत, की टाकाऊ खांबाचे ७ धरावेत? दोन्हींच्या बाजूने बोलता येते. परत येण्याची शिक्षा भरवशाच्या रकान्यात एकदा झालेलीच आहे, हेही लक्षात घ्यावे लागेल.

काळबादेवी_पेढी

शहरांसाठी ०.७७ आणि ०.७६ मध्ये मी तरी फरक मानत नाही. रुपयांचा हिशेब शहरांपुरता केला तर क ला भाडे आणि नुकसान मिळून ६० च्या आत खर्च येतो आणि ख ला ८० च्या आसपास. तिथे क सरळ पुढे आहे. कोकणासाठी मात्र तुमच्याकडे ख आणि ग मिळून ९ पार्सलांचीच माहिती आहे. त्यावर वर्षाचा करार करू नका.

फराळघर

मी असे ठरवले आहे. वर्षाचा करार आत्ता कोणाशीच करत नाही. दिवाळीपर्यंत शहरांतली पार्सले क ने पाठवते, कोकणातली तिघांना आळीपाळीने देते. पहिली ऑर्डर क, दुसरी ख, तिसरी ग, मग पुन्हा क, पत्ता कोणताही असो आणि हात कुठेही वळो. वहीत दोन रकाने वाढवले आहेत: एक पिनकोडचा आणि एक परत आलेल्या पार्सलाच्या शेऱ्याचा. देवगडकर, ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा आला की मी त्याच दिवशी ग्राहकाला फोन करून खरेच कोणी दारात आले होते का ते विचारणार आहे.

देवगडकर

देवगडची ऑर्डर आली की मला कळवा. आईचा पत्ता आणि शेजारच्या दुकानाचा फोन देऊन ठेवतो, एक पार्सल तरी कोणत्या टप्प्यावर अडते ते आपल्याला नेमके पाहता येईल.